डोळ्यांनी नाही, बोटाने पाहा: म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरचे डाग घरी कसे तपासावेत

गेल्या कापूसवेचणीच्या हंगामातली गोष्ट. यवतमाळ जिल्ह्यातल्या ज्या तालुक्याच्या गावी मी आठवड्यातून एकदा त्वचेचे रुग्ण पाहायला जातो, तिथे एक सूनबाई आपल्या सासऱ्यांना घेऊन आल्या. म्हातारबांचं वय 71. रंग गोरा, डोळे घारे, डोक्यावरचे केस पन्नाशीतच गेलेले, आणि सगळा जन्म वावरात. सूनबाईंनी त्यांच्या गालाकडे बोट दाखवलं. "मामाजींचे हे काळे डाग वाढूनच राहिले डॉक्टर. कॅन्सर तर नाही न?"

दोन्ही गालांवर मसुरीपासून बोटाच्या नखापर्यंतच्या आकाराचे सहासात तपकिरी डाग होते. सपाट, गुळगुळीत, सगळीकडे सारखा रंग. ते उन्हाचे आणि वयाचे साधे डाग होते. मी सवयीने सगळ्या चेहऱ्यावरून बोट फिरवत गेलो आणि उजव्या कानशिलावर बोट अडकलं. तिथे सुताराच्या पॉलिश पेपरसारखी खरखर होती. डोळ्यांना मात्र फिकट लालसर छटेपलीकडे काही दिसत नव्हतं.

"थे काही नाही बाप्पा," म्हातारबा म्हणाले. "कोरडं कातडं हाय. न्हावी कल्ले सारखे करतानी वस्तरा अडकते तिथं, मंग थोडसं रगत येते."

घरच्यांना ज्या डागांची भीती वाटत होती ते निरुपद्रवी होते, आणि ज्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं तो डाग कर्करोगाच्या आधीच्या पायरीवर उभा होता. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता नवल वाटत नाही. काळ्या रंगाला आपण घाबरतो आणि खरखरीकडे दुर्लक्ष करतो. म्हणून ही तपासणी घरच्या घरी कशी करायची ते सविस्तर सांगतो. निदान करणं डॉक्टरचं काम. कोणता डाग घेऊन डॉक्टरकडे जायचं, एवढं घरच्यांनी ओळखलं तरी पुरे.

आधी दोन्ही डागांत फरक काय ते समजून घ्या

पहिला डाग म्हणजे लेंटिगो. वर्षानुवर्षं ऊन लागलं की कातडीतल्या रंग बनवणाऱ्या पेशी त्या जागी वाढतात आणि जास्त रंग तयार करतात. बिघाड फक्त रंगाचा असतो, कातडीचा पोत तसाच राहतो. म्हणून डोळे मिटून बोट फिरवलं तर डाग कुठे सुरू झाला आणि कुठे संपला, ते कळतच नाही.

दुसरा म्हणजे अ‍ॅक्टिनिक केराटोसिस. मराठीत त्याला रुळलेलं नाव नाही. मी रुग्णांना 'उन्हाची खरखर' असं सांगतो, या लेखातही तेच वापरतो. इथे उन्हातल्या अतिनील किरणांनी खुद्द कातडीच्या पेशींच्या गाभ्यात मोडतोड केलेली असते. निरोगी पेशी खालच्या थरात जन्मते, वर सरकते, सुकते आणि आपल्याला न कळता गळून पडते. बिघडलेल्या पेशींना ही शिस्त उरत नाही. त्या नीट गळत नाहीत, एकावर एक साचतात आणि त्याचा खवला होतो. हा खवला धुळीसारखा वर बसलेला नसतो, खालच्या कातडीला घट्ट चिकटलेला असतो. म्हणूनच तो खाजवून काढला की दुखतो, कधी रक्त येतं, आणि काही दिवसांनी त्याच जागी पुन्हा येतो.

अशा एका खरखरीत डागाचा वर्षभरात कर्करोग होण्याची शक्यता शंभरात एकापेक्षाही कमी असते, आणि काही डाग तर आपोआप जातातही. हे आकडे बहुतेक गोऱ्या देशांतल्या लोकांवरून काढलेले आहेत. पण ज्याच्या चेहऱ्यावर असे डाग दहाबारा असतात आणि पुढे दहा-वीस वर्षं राहतात, त्याच्यासाठी ही छोटी शक्यता साचत जाते. शिवाय कोणता डाग बिघडेल हे आधी ओळखता येत नाही, म्हणून त्याच्यावर उपचार करतात.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. आपल्या सावळ्या, गव्हाळ कातडीत उन्हाची खरखर तशी कमीच होते, कारण कातडीतला रंग हीच आपली छत्री असते. गावातल्या दहा म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावर डाग असले तर बहुतेकांचे साधेच असणार. जास्त जपायचं ते गोऱ्या, घाऱ्या डोळ्यांच्या माणसांना, टक्कल पडलेल्या पुरुषांना, आणि किडनी बदलल्यानंतर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांना. आणि ज्यांचे केस, पापण्या, कातडी जन्मतःच पांढरी असतात त्यांना तर सगळ्यांत जास्त. अशा माणसांनी म्हातारपणाची वाट पाहू नये. त्यांच्यात हे डाग ऐन तरुणपणी येतात आणि कर्करोगही लवकर होतो.

पायरी 1: बसवायचं कुठे आणि कसं

सकाळची वेळ धरा. चेहरा साध्या पाण्याने धुवून पुसून घ्या. तेल, क्रीम, पावडर काही लावू नका, कारण तेल लागलं की खरखर बोटाला लपते. कुंकू, बुक्का, गंध नीट पुसून घ्या. टोपी, दुपट्टा, चष्मा काढून ठेवा. म्हातारबांना दाराच्या चौकटीजवळ अशा रीतीने बसवा की उजेड समोरून न येता एका बाजूने पडेल. तिरप्या उजेडात बारीक उंचवट्याची सावली पडते आणि समोरच्या उजेडात न दिसलेला खवला दिसू लागतो. घरात अंधार असेल तर मोबाइलची बॅटरी चेहऱ्याला जवळपास टेकवून आडवी धरा.

पायरी 2: बोट फिरवा

हीच खरी तपासणी आहे, म्हणून घाई करू नका. हात धुवा, कोरडे करा. कापूस वेचून, निंदण करून ज्यांच्या बोटांना घट्टे पडले आहेत त्यांनी ही तपासणी करू नये. घरातल्या शाळकरी नातीची बोटं यासाठी सगळ्यांत चांगली. आधी आपल्याच दंडाच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवून पाहा. तिथे कधी ऊन लागत नाही, म्हणून निरोगी कातडी कशी लागते हे बोटाला कळतं.

मग डोळे मिटा आणि मधल्या बोटाचं टोक हलकेच सरकवत न्या. कपाळाच्या डावीकडून उजवीकडे तीन पट्टे, मग दोन्ही कानशिलं, नाकाचा दांडा आणि शेंडा, दोन्ही गाल. त्यानंतर कानाची वरची कड, जी जवळजवळ सगळेच विसरतात. पुरुषांची दाढी आणि टोपी दोन्ही तिला झाकत नाहीत, म्हणून आयुष्यभराचं ऊन तिच्यावर असतं. टक्कल असेल तर टाळूवरूनही तसेच पट्टे घ्या. शेवटी खालचा ओठ बाहेरून पाहा. ओठाची आणि कातडीची सीमारेषा पुसट झाली असेल, ओठ कायम कोरडा, पांढरट, फुटल्यासारखा राहत असेल आणि तूप लावूनही बरा होत नसेल, तर तीही उन्हाची खरखरच असू शकते. खर्रा खाणाऱ्यांच्या तोंडात आतून जो पांढरा चट्टा येतो तो वेगळा, आणि त्याच्यासाठीही डॉक्टरकडे जायलाच हवं. पण इथे मी बाहेरच्या, उन्हात राहणाऱ्या ओठाबद्दल बोलतो आहे.

बोट कुठे अडलं तर थांबा. माणसाला विचारा, "इथं दाबलं तर चुणचुणते काय?" साधा डाग दाबल्याने काही होत नाही. उन्हाच्या खरखरीवर मात्र माणूस पुष्कळदा डोकं मागे घेतो, 'काटा बोचल्यासारखं वाटते' म्हणतो.

पायरी 3: जे सापडलं ते ओळखायचं कसं

बोटाला काहीच लागलं नाही आणि डोळ्यांना तपकिरी, काठ स्पष्ट, सगळीकडे एकसारख्या रंगाचा डाग दिसला, तर तो लेंटिगो असण्याची शक्यता मोठी. असे डाग साधारण एकाच साच्याचे असतात, गालांवर, कपाळावर, हातांच्या पाठीवर विखुरलेले. एकटाच डाग सगळ्यांपेक्षा वेगळा दिसत असेल, एका बाजूला काळा आणि दुसरीकडे फिकट असेल, काठ नकाशासारखा वाकडातिकडा असेल आणि काही महिन्यांत पसरला असेल, तर तो सपाट असला तरी दाखवा. आपल्याकडे असा डाग दुर्मिळ आहे, पण निघाला तर उशीर परवडत नाही.

बोटाला जाडसर, मेणासारखा, वरून चिकटवल्यासारखा तपकिरी-काळा उंचवटा लागला, जणू नखाने उचकटून निघेल असा, तर ती सेबोऱ्हिक केराटोसिस असते. नावात केराटोसिस असली तरी तिचा कर्करोगाशी संबंध नाही. आपल्याकडे म्हातारपणी ही फारच दिसते. लोक तिला चामखीळ म्हणतात आणि चुना लावतात. त्यावर पुढे बोलू.

बोटाला खरखर लागली आणि डोळ्यांना फिकट लाल, गुलाबी किंवा आपल्या कातडीत मातकट तपकिरी रंगाचा, दोन ते सहा मिलिमीटरचा, धूसर काठांचा डाग दिसला, तर उन्हाच्या खरखरीचा संशय घ्या. तपकिरी कातडीत ही खरखर कधीकधी अगदी लेंटिगोसारखी दिसते. डोळा इथेच फसतो, म्हणून प्रत्येक तपकिरी डागावर बोट फिरवायचंच.

दोन फसवे प्रकार आपल्या भागासाठी मुद्दाम सांगतो. चेहऱ्यावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे आणि त्यावर कापसाचा बोळा फिरवला तर कळत नाही, किंवा चट्ट्याच्या आत आणि बाहेर स्पर्श वेगळा लागतो, तर तो कुष्ठरोगाचा चट्टा असू शकतो. विदर्भात कुष्ठरोग संपलेला नाही. त्याच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि वेळेत घेतल्या तर तो पूर्ण बरा होतो. दुसरा प्रकार असा, की गालावर किंवा कानात खवल्याचा चट्टा आहे आणि त्याच्या मधली कातडी पांढरी पडून खोलगट वण झाला आहे. तो डिस्कॉइड ल्युपस नावाचा, प्रतिकारशक्तीच्या बिघाडाने होणारा आजार असू शकतो, त्याचं औषध अगदीच निराळं. चष्म्याच्या टेकूखाली नाकाच्या दोन्ही बाजूंना जो काळपट घट्टा पडतो तो मात्र सोडून द्या. चष्मा सैल करून घेतला की तो हळूहळू कमी होतो.

पायरी 4: दोन आठवड्यांची परीक्षा

हिवाळ्यात विदर्भातल्या कोरड्या हवेने सगळ्यांचीच कातडी खरखरते. मग ही साधी खरखर की उन्हाची? त्यासाठी एक सोपी युक्ती. रोज रात्री त्या जागेवर साधं व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावा आणि दोन आठवडे खाजवू नका. कोरडेपणा असेल तर कातडी मऊ होते आणि साधारण मऊच राहते. उन्हाची खरखर तेलाने वरवर मऊ होते, पण तेल थांबवलं की आठवड्याभरात त्याच जागी, त्याच आकारात परत येते. त्या दोन आठवड्यांत दुसरं कोणतंही मलम लावू नका.

याच सुमारास मोबाइलवर फोटो काढा, शेजारी शाळेची मोजपट्टी धरून, म्हणजे मिलिमीटर दिसतील. एका कागदावर चेहऱ्याचा गोल काढून त्यावर जागा खूण करा आणि तारीख लिहा. नुसत्या आठवणीवर डाग वाढला की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. म्हातारबांना तर 'बऱ्याच दिसापासून हाय' एवढंच आठवतं, मग ते सहा महिने असोत की सहा वर्षं.

ही परीक्षा फक्त पातळ, न दुखणाऱ्या खरखरीसाठी. डाग जाड झाला असेल, खाली बोटाला कडक गाठ लागत असेल, एक सेंटीमीटरपेक्षा मोठा असेल, काही आठवड्यांत भराभर वाढला असेल, आपोआप रक्त येत असेल, किंवा मधे जखम होऊन महिनाभरात भरली नसेल, तर तेल-व्हॅसलीन सोडा आणि त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जा. कानावर आणि ओठावर असं काही दिसलं तर अजून लवकर, कारण त्या जागांवरचा कर्करोग मानेतल्या गाठींपर्यंत लवकर पोचू शकतो. काळी, चमकदार, मोत्यासारख्या काठाची आणि मधे खड्डा पडलेली गाठ हाही दाखवण्याचा प्रकार, कारण तोही त्वचेचा एक कर्करोग असू शकतो. तो कर्करोग आपल्याकडे बहुतेक वेळा काळ्या रंगाचा असतो, म्हणून लोक त्याला तीळ समजून वर्षानुवर्षं घेऊन फिरतात.

हे करू नका

बिब्बा. आपल्याकडे अजूनही डागावर, चामखिळीवर बिब्ब्याचं तेल लावतात. चेहऱ्यावर फोड येतात, डोळे सुजून मिटतात, आणि नंतर जो काळा वण राहतो तो मूळ डागापेक्षा मोठा असतो. चुना आणि सोडा यांचंही तेच. कातडी भाजते, वरचा खवला जातो, खालच्या बिघडलेल्या पेशी जागेवरच राहतात. सगळ्यांत वाईट म्हणजे नंतर डॉक्टरला मूळ डाग कसा होता हे कळतच नाही.

मेडिकलवरून आणलेली ट्यूब हा दुसरा त्रास. 'खाज, खरूज, डाग सगळ्यांवर चालते' अशी जी ट्यूब मिळते तिच्यात बहुतेकदा तीव्र स्टेरॉइड असतं. तिने लाली चार दिवसांत ओसरते, घरचे खूश होतात, आणि डाग आत चालूच राहतो. चेहऱ्याची कातडी मात्र कागदासारखी पातळ होते. दुखण्यावर लावायची डायक्लोफिनॅकची जेल इथे चालेल का, असं कुणी विचारलं तर उत्तर नाही. उन्हाच्या खरखरीवर त्याच औषधाची जेल वापरतात हे खरं, पण ती 3 टक्क्यांची, वेगळ्या बनावटीची असते आणि दोन-तीन महिने लावावी लागते. गुडघ्याची जेल चेहऱ्याला लावू नका.

पायरी 5: कुठे जायचं, काय सांगायचं

जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरुवात करा. तिथून ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्लासेवेवर तज्ज्ञांशी बोलणं करून देतात. पण लक्षात ठेवा, फोटोत रंग दिसतो, खरखर दिसत नाही. म्हणून तोंडाने सांगा: इथे बोट अडकते, इतक्या महिन्यांपासून आहे, खपली काढली तर परत येते, वस्तऱ्याने रक्त येतं. या चार वाक्यांनी डॉक्टरचं अर्धं काम होतं. नागपूर, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजांत आणि सेवाग्रामच्या रुग्णालयात त्वचारोगाची ओपीडी असते. ओपीडीचे वार आणि वेळ आधी विचारून घ्या, नाहीतर एसटीचं भाडं वाया जातं. चालू असलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या आणि आधी लावलेल्या ट्यूब सोबत घ्या, 'कचऱ्यात टाकली' म्हणू नका.

डॉक्टर भिंगाने पाहतील. संशय आला तर जागा बधिर करून दोन-चार मिलिमीटरचा तुकडा काढतील. "तुकडा काढला की कॅन्सर पसरते," असं गावात हमखास कुणीतरी सांगतं. तसं होत नाही. कर्करोग आहे की नाही हे तपासण्याचा तोच खात्रीचा मार्ग आहे.

पायरी 6: उपचार, आणि तिथे होणारी गडबड

साध्या लेंटिगोला उपचाराची गरज नाही. दिसायला नको असतील तर लेसर वगैरे आहे, पण सत्तरीत त्यावर पैसे घालावेत असं मला वाटत नाही.

उन्हाची खरखर एकदोन जागीच असेल तर द्रव नायट्रोजनने गोठवतात. त्याचं तापमान उणे 196 अंश असतं, काही सेकंदांचा फवारा, मग फोड, मग खपली. आपल्या कातडीवर तिथे पांढरा ठिपका राहू शकतो, तो आधीच सांगितलेला बरा. जागा अनेक असतील तर 5-फ्लुरोयुरॅसिलचं 5 टक्के मलम देतात. दिवसातून दोनदा, साधारण दोन ते चार आठवडे. हे औषध बिघडलेल्या, भराभर वाढणाऱ्या पेशींनाच शोधून मारतं.

आणि इथेच गडबड होते. सुरुवातीला सांगितलेल्या म्हातारबांच्या कानशिलावरची जागा आठ मिलिमीटरची आणि जाडसर होती. तिचा तुकडा तपासला. रिपोर्टमध्ये उन्हाची खरखरच आली, आत शिरलेलं काही नव्हतं. टाळूवर आणखी तीन पातळ जागा होत्या, म्हणून मलम दिलं. सूनबाईंनी विचारलं, "लावून कोण देईल? मले वावरात जावं लागते." नातसून घरी होती, पण पाच महिन्यांची गरोदर. गर्भवतीने या मलमाला हात लावायचा नसतो. शेवटी मुलाने रबरी हातमोजे घालून लावायचं ठरलं. डोळ्यांपासून दूर, आणि लावल्यावर हात साबणाने धुवायचे.

सहाव्या दिवशी कानशील आणि टाळू लालबुंद झाली. आठव्या दिवशी खपल्या, थोडी चिघळ. शेजारच्या म्हातारीने निकाल दिला, "औषध बाधलं." ट्यूब कोनाड्यात गेली. पुढच्या आठवड्यात ते आले तेव्हा मला चुकीची जाणीव झाली. 'थोडं लाल होईल' एवढंच मी सांगितलं होतं, 'भाजल्यासारखं लाल होईल' असं सांगायला हवं होतं. लाली, खपली, जळजळ म्हणजे औषध काम करत असल्याची खूण. ज्या जागा आधी डोळ्यांना दिसतही नव्हत्या त्याही या काळात लाल होऊन उमटतात, त्यांना घाबरायचं नसतं. थांबायचं ते पू, ताप, डोळ्यात जाणं, किंवा सगळा चेहरा सुजून येणं अशा वेळी. म्हातारबांना मी चार दिवस व्हॅसलीनवर ठेवलं आणि मलम पुन्हा सुरू केलं. एकूण तीन आठवडे झाले. बरं व्हायला नंतर महिना गेला. त्या दिवसांत उन्हात जाऊ नका म्हटलं तर म्हणाले, "मंग कापूस कोण वेचणार?" शेवटी दुपारी घरी बसण्यावर तडजोड झाली.

पायरी 7: ऊन आणि उष्णता यांतला फरक

आपल्याकडे सगळे उन्हाळ्याला घाबरतात. ब्रह्मपुरी, चंद्रपूरचा पारा 47 अंशांवर गेला की सगळे दार लावून बसतात. पण कातडीला इजा करणारे अतिनील किरण हे उष्णतेपेक्षा वेगळे. डिसेंबरातलं ऊन अंगाला गोड लागतं, तरी भर दुपारी त्यात अतिनील किरण असतातच, आणि नेमका त्याच महिन्यात म्हातारा माणूस दिवसभर कपाशीत वाकलेला असतो. ढगाळ दिवशीही पुष्कळ किरण ढगांतून खाली येतात. घड्याळ नको, आपली सावली पाहा. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हा किरण तीव्र, तेव्हा चेहरा झाका.

गांधीटोपीने टाळू झाकते. कान, कानशील, नाक उघडंच राहतं. त्यापेक्षा दुपट्टा डोक्याला गुंडाळून कानांवरून खाली सोडला तर जास्त झाकतं. सगळ्या बाजूंनी तीनेक इंच काठ असलेली टोपी अजून चांगली. बायांचा पदर कपाळाला सांभाळतो, पण नाक आणि गालांचे उंचवटे मोकळे राहतात, त्यांचे डाग तिथेच येतात. सनस्क्रीनचा उपयोग होतो. ऑस्ट्रेलियात 1993 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रोज ते लावणाऱ्यांना एका उन्हाळ्यातच नवी खरखर कमी आली, असं दिसलं. एसपीएफ 30 किंवा जास्त घ्या आणि चेहरा-मानेला दोन बोटं भरून लावा. पण घामाने दोन तासांत ते निघून जातं, आणि दर दोन तासांनी वावरात ट्यूब काढणारा माणूस मी तरी अजून पाहिला नाही. दुपट्टा आधी, ट्यूब नंतर.

बोटाची तपासणी वर्षातून दोनदा करा. एकदा दिवाळीच्या अभ्यंगाच्या दिवशी, पण तेल लावायच्या आधी. दुसऱ्यांदा गुढीपाडव्याच्या सुमारास. आधीच्या कागदावरच्या खुणा समोर ठेवा.

यंदा पाडव्यानंतर ते म्हातारबा परत आले. कानशिलावरून बोट फिरवलं, गुळगुळीत. टाळूही साफ. गालावरचे तपकिरी डाग होते तिथेच, त्यांना कुणी हात लावला नव्हता. डाव्या कानाच्या वरच्या कडेला मात्र तांदळाच्या दाण्याएवढी नवी खरखर लागली. ती त्यांच्या नातीने आधीच शोधून कागदावर पेन्सिलीने खूण केली होती, शेजारी तारखेसह.